कारण : दाजी

मी बँकेतून कॅशियर म्हणून निवृत्त झालो, हे कुणी न विचारताही मी सांगतो. त्यामुळे मेव्हण्याच्या हॉटेलात सकाळच्या गल्ल्यावरचा माणूस रजेवर गेला, तेव्हा तिथे बसण्याचा आग्रह मीच धरला.

मेव्हण्याने दहा-वीस-पन्नासच्या नोटांत दोन हजार मोजून दिले. "दाजी, हे सुट्ट्यांचे, विक्रीचे नाहीत. संध्याकाळच्या पोराला तेवढेच द्यायचे. आणि गल्ला मोजून झाल्याशिवाय मशीनवरचा आकडा बघायचा नाही."

बँकवाल्याला हे शिकवतोय! मी आकडा आधी बघितला. रोखीची विक्री 14,360, अधिक सुट्ट्यांचे 2,000, वजा दूध-भाजीला दिलेले 1,230. म्हणजे 15,130 हवेत. भरले 14,590. परत मोजले, तर बरोबर 15,130! आकडा डोक्यात पक्का बसला की बोटं तोच मोजतात. खात्रीसाठी आणखी एकदा मोजले आणि पुन्हा 14,590 वर आलो.

बँकेत रोख कमी भरली की कॅशियर त्याच दिवशी पदरचे घालतो. मीही कुणी बघत नाहीसं पाहून 540 घातले. संध्याकाळचा पोरगा आला, त्याने मोजले, दोघांनी रजिस्टरात सह्या केल्या. माझी सही जरा मोठीच आली.

रात्री मेव्हणा यूपीआयचा हिशोब घेऊन बसला. मशीनवर नोंद होती त्यापेक्षा खात्यात 540 जास्त आले होते. त्याने नेमकं 540 चं बिल शोधलं. गिऱ्हाइकाने स्कॅन करून पैसे दिले होते, मी बटण रोखीचं दाबलं होतं. म्हणजे गल्ल्यात काही कमी नव्हतंच. बिलावर रोखीचं यूपीआय केलं की दोन्हीकडचा फरक मिटला असता. आता ते केल्यावर गल्ल्यात 540 जास्त झाले.

"कमी भरले तर आधी कमी म्हणून लिहायचं," मेव्हणा म्हणाला. "मग त्या रकमेचं बिल शोधायचं, यूपीआय बघायचं, दूधवाल्याची एखादी पावती राहिली का ते बघायचं. पोरांच्या पगाराला हात लावायचा तो अगदी शेवटी. तोही निष्काळजीपणा दिसला तरच, आणि त्याचं म्हणणं ऐकून. कायदाच आहे तसा."

"पण एखाद्याने गुपचूप पदरचे भरले तर बिघडलं काय?"

"जो कमी पडले की गुपचूप घालतो, तो जास्त भरले की गुपचूप काढतोही, दाजी. मग आकडा रोज जुळतो आणि मला काहीच कळत नाही."

मी तसला नाही, असं मी जरा जास्तच जोरात म्हणालो. मग हळूच माझे 540 मागितले.

"कशाच्या आधारावर देऊ? 15,130 वर सही तुमचीच आहे." त्याने पैसे पाकिटात घालून तिजोरीत टाकले आणि रजिस्टरात लिहिलं : जादा 540. कारण : दाजी.