२९ फेब्रुवारी १९००, वार बुधवार

एक्सेलमध्ये तारीख असते, असं आमच्या सोसायटीचे खजिनदारकाका बरीच वर्षं समजत होते. सभासदांच्या यादीत त्यांनी कुणाची तरी जन्मतारीख घातली, १ मे १९६०. मग सेलचं फॉरमॅट चुकून General झालं आणि तारखेच्या जागी 22037 उमटलं. "अहो, यानं माणसाच्या वाढदिवसाचा पिनकोड केला," काका म्हणाले, "आणि तोही एक आकडा कमी!"

वास्तविक आकडाच खरा, तारीख हा त्याला चढवलेला झब्बा. एक्सेल १ जानेवारी १९०० ला १ धरतं आणि तिथून एकेक दिवस मोजत पुढे जातं. त्यामुळे मेंटेनन्स किती दिवस थकलाय हे काढायला साधी वजाबाकी पुरते. तीसचा महिना की एकतीसचा, याची कटकट नाही. वेळ म्हणजे त्याच आकड्याचा अपूर्णांक. दुपारचे बारा म्हणजे अर्धा दिवस, ०.५.

इथवर सगळं शहाणपणाचं आहे. पण रिकाम्या सेलमध्ये 60 टाका आणि फॉरमॅट तारखेचं करा. एक्सेल बिनदिक्कत 29-02-1900 दाखवतं. हा दिवस पृथ्वीवर उगवलाच नाही. ग्रेगरी पोपने १५८२ मध्ये घालून दिलेल्या नियमाप्रमाणे शतकाचं वर्ष ४०० ने भागलं गेलं तरच लीप. २००० पास, १९०० नापास. एक्सेलने मात्र त्याला ग्रेस मार्क देऊन वर चढवलंय.

हे पाप मूळचं एक्सेलचं नव्हे, लोटस १-२-३ चं. १९८३ च्या सुरुवातीला तो प्रोग्रॅम आला तेव्हा कॉम्प्युटरची मेमरी इतकी तुटपुंजी होती, की प्रत्येक ओळ काटकसरीने लिहावी लागे. वर्ष बायनरीत लिहिलं आणि शेवटचे दोन्ही अंक शून्य निघाले, की ते चारने भाग जाणारं, म्हणजे लीप. संपला हिशोब! लोटसच्या तारखा १९०० ते २०९९ एवढ्याच. या दोनशे वर्षांत हा आखूड नियम फक्त एकदा फसतो, १९०० साली. लोटसवाल्यांनी हे जाणूनबुजून केलं की नजरचुकीने, यावर वाद घालता येईल. मला विचाराल तर असा सौदा मीही केला असता.

मग लोटसची गिऱ्हाइकं ओढायला एक्सेल आलं. लोकांच्या लोटसमधल्या फायलींत तारखा आकड्यांच्याच रूपात होत्या. एक्सेलने पंचांग शुद्ध ठेवलं असतं, तर त्या फायली उघडताच जवळजवळ प्रत्येक तारीख एका दिवसाने सरकली असती. म्हणून मायक्रोसॉफ्टने चूक समजून-उमजून दत्तक घेतली. एक्सेलच्या बेसिक भाषेवर काम करणाऱ्या जोएल स्पोल्स्की यांनी पुढे एक किस्सा लिहिलाय. १९९२ च्या एका बैठकीत बिल गेट्सनी तारखांच्या फंक्शनांबद्दल खोदून खोदून विचारलं. एक्सेल आणि बेसिक यांच्या तारखा जुळतात ना, या प्रश्नावर स्पोल्स्कींचं उत्तर होतं: हो, १९०० चे जानेवारी-फेब्रुवारी सोडून.

ते दोन महिने सोडावेच लागतात. =WEEKDAY(1) विचारा, एक्सेल 1 म्हणतं, म्हणजे रविवार. १ जानेवारी १९०० ला प्रत्यक्षात सोमवार होता. म्हणजे नोकरदारांना एक्सेलने वर्षाच्या पहिल्याच दिवशी फुकटची सुट्टी दिली! १ मार्चपासून मात्र वार चोख जुळतात, कारण मधल्या खोट्या बुधवारने सगळं भरून काढलेलं असतं. २८ फेब्रुवारी ते १ मार्च १९०० यांतलं अंतर काढलं, तर ते एकाऐवजी दोन दिवस येतं.

आता दुरुस्ती का करत नाहीत? खोटा दिवस उपटला, तर पुढचा प्रत्येक आकडा एक दिवस पुढची तारीख दाखवणार. 22037 म्हणजे २ मे होणार आणि महाराष्ट्र दिनाची सुट्टी सरकणार. लिब्रेऑफिसने वेगळी युक्ती केली: शून्य ३० डिसेंबर १८९९ वर नेऊन ठेवलं. तिथे १ जानेवारी १९०० चा आकडा २ येतो, खोटा दिवस लागत नाही, आणि १ मार्चपासून दोघांचं एकमत होतं. जुन्या मॅकवरच्या एक्सेलने तर मोजणी १९०४ पासून धरून ही भानगडच टाळली होती. पण अशा फाइलमधल्या तारखा साध्या फाइलमध्ये चिकटवल्या, की त्या १४६२ दिवसांनी मागे जातात. चार वर्षं आणि एका दिवसाचा फरक दिसला, की गुन्हेगार हाच समजावा.

१९०० च्या आधीचं तर एक्सेलला काहीच ठाऊक नाही. लोकमान्यांची जन्मतारीख 23-07-1856 लिहून पाहा. खऱ्या तारखा आकड्यांसारख्या उजव्या कडेला जातात. ही मजकूर म्हणून डाव्या कडेला राहते आणि वजाबाकीला घेतली तर #VALUE! मिळतं. टिळकांना डाव्यांत बसवणारी दुसरी कुठलीही संस्था माझ्या माहितीत नाही.