जास्तीचे तीन रुपये

पुण्यस्मरणाच्या जाहिरातींत गेलेला माणूस हमखास ‘उत्तुंग’ असतो. आमच्या अण्णांना माळ्यावरचा डबा काढायला स्टूल लागायचं. त्यांच्या तिसऱ्या पुण्यतिथीला पेपरात चार ओळी द्याव्यात असं थोरल्या भावाच्या मनात आलं आणि तो यादी करायला बसला. पदं? कंडक्टर म्हणून एसटीत लागले, कंडक्टर म्हणूनच निवृत्त झाले. पुरस्कार? नाही. भूषवलेली अध्यक्षपदं? गल्लीतल्या गणपती मंडळाने एकदा खजिनदार केलं होतं. पुढच्या वर्षी मंडळानेच काढलं, कारण त्यांनी वर्गणीच्या पावत्यांचे नंबर तपासायला सुरुवात केली होती.

कर्तृत्वाचा कागद असा कोराच राहिला. सवयींचा मात्र भरून वाहील.

अण्णांची ड्यूटी बरीच वर्षं कराड–चिपळूण. मल्हारपेठ, पाटण, कोयनानगर, हेळवाक, मग कुंभार्ली घाट उतरून पोफळी. या रस्त्याने त्यांच्या अंगात जे भरलं ते घरी आल्यावरही उतरायचं नाही. माझ्या स्कूटरवर मागे बसले की ‘चल’ म्हणून सांगायचे नाहीत, पाठीवर दोनदा टकटक करायचे. थांबायचं असलं की एकदा. भर चौकात सिग्नल हिरवा झालेला, मागच्या गाड्या हॉर्न वाजवतायत, तरी पाठीवर डबल बेल पडल्याशिवाय माझा हात अ‍ॅक्सिलरेटरवर जायचा नाही. लग्नाला निघालो की रिक्षात सगळ्यांना बसवून ते शेवटी चढायचे आणि चढण्याआधी मागे वळून रस्ता बघायचे. कोणी पळत येत असेल तर?

सुट्या पैशांवर त्यांचा जीव. घरात सुट्यांचा एक डबा होता आणि त्याला हात लावायचा तर आईलाही कारण सांगावं लागे. देवळात आरतीच्या ताटात दहाची नोट ठेवून ते शांतपणे पाचचं नाणं उचलून घ्यायचे. पुजारी बघत राहायचे. अण्णांना त्यात काही वावगं वाटत नसे. पाच द्यायचे ठरवले होते, पाच दिले.

घरातून निघताना खिशातले पैसे मोजून आईला आकडा सांगायचा, ही आणखी एक खोड. याचं मूळ नोकरीत. ड्यूटी सुरू होताना कंडक्टरला स्वतःजवळची खासगी रक्कम वेबिलावर लिहावी लागते, म्हणजे वाटेत तपासणी झाली तर बॅगेतले महामंडळाचे किती आणि याचे स्वतःचे किती हे कळतं. लग्नाच्या पंगतीत तपासनीस येत नाही, हे आईने त्यांना अनेकदा सांगून पाहिलं.

पण अण्णांचा खरा स्वभाव समजायला रात्रीचा हिशेब समजून घ्यावा लागेल. मशिन येण्यापूर्वी तिकिटांचे गठ्ठे असत, प्रत्येक किमतीचा वेगळा आणि प्रत्येक तिकिटावर नंबर. भाड्याप्रमाणे दोन-तीन तिकिटं जोडून, पंच मारून हातात द्यायची. शेवटी किती विकली हे मोजायची गरज नसे, सुरुवातीचा नंबर आणि आता वर असलेला नंबर यांची वजाबाकी करायची. समजा दोनच्या गठ्ठ्यात ४१२ पासून सुरुवात झाली आणि आता वर ४४७ आहे. विकली ३५, झाले ७० रुपये. पाचची ४२ गेली, २१० रुपये. दहाची २८, म्हणजे २८०. एकूण ५६०. खासगी रक्कम बाजूला काढली की बॅगेत बरोबर ५६० निघायला हवेत.

५५७ निघाले तर तीन रुपये कंडक्टरच्या खिशातून. अण्णा ते भरून मोकळे व्हायचे आणि घोरायला लागायचे. पण ५६३ निघाले की त्यांची झोप गेलीच म्हणून समजा. नियमाप्रमाणे जास्तीचे पैसेही डेपोत भरायचे आणि ते भरायचेच. भरल्यावर प्रकरण मिटतं असं मात्र त्यांना कधी वाटलं नाही. “कमी पडले तर माझे गेले. जास्त निघाले म्हणजे कुणाचे तरी राहिले,” असं म्हणत ते अंथरुणावर उठून बसायचे आणि चिपळूण स्टँडपासून मनातल्या मनात परत गाडी सुरू करायचे.

पैसे राहण्याची वाट बहुतेक वेळा एकच. सुटे नसले की कंडक्टर तिकिटाच्या पाठीवर देणं लिहून देतो, ‘उतरताना घ्या’ म्हणतो. गर्दीत माणूस तसाच उतरून जातो आणि तिकीट त्याच्या खिशात चुरगळतं. अण्णांनी यासाठी एक छोटी वही केली होती. नावं माहीत नसत, म्हणून खुणा. ‘हेळवाक, लाल मफलर, १ रु.’ ‘पाटण, खोकला, ५० पै.’ पैसे दिले की बरोबरची खूण.

त्यातली ‘पोफळी, जांभळांची पाटी, ३ रु.’ ही नोंद घरात फार गाजली. आठवड्याने ती बाई पुन्हा स्टॉपवर दिसली. अण्णा तीन रुपये घेऊन खाली उतरले. ती घेईना. “माझं न्हाईत,” म्हणाली. बसायच्या आधीच एसटीवाला पैसे देतोय म्हटल्यावर तिला संशय येणं साहजिक होतं. शेवटी अण्णांनी तिला तिचं टोपलं, तिची सीट आणि शेजारच्या रडणाऱ्या पोराची आठवण करून दिली. तिला पटलं आणि खूश होऊन तिने त्यांच्या रुमालात दोन ओंजळी जांभळं ओतली. आता ही जांभळं तीन रुपयांहून जास्तीची! अण्णांनी दोन रुपये काढले, ती घेईना, ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला, आतली माणसं खिडकीतून पंचायत करू लागली. अखेर तिने ते घेतले, पण गाडी घाट चढायला उशिरा लागली.

आईने रात्री सगळं ऐकून घेतलं. “म्हणजे त्या दिवशी तीन डेपोत भरले, आज तीन तिला दिले, वर दोन जांभळांचे. हे कुठलं गणित?”

“डेपोत भरले तो नियम. तिला दिले ते तिचे,” अण्णा म्हणाले.

“आणि आपले?”

“आपली जांभळं.”

यंदा पुण्यतिथीच्या निमित्ताने ती वही कपाटातून निघाली. बहुतेक नोंदींपुढे बरोबरची खूण आहे. काही मात्र तशाच राहिल्या आहेत, मफलरवाला त्यांतलाच. भावाने बेरीज केली, साडेसतरा रुपये. त्यात भर घालून अण्णांच्या नावाने पाटणच्या एखाद्या शाळेला वह्या देऊ, असं त्याने सुचवलं. मला ते फारच आवडलं. पेपरात द्यायलाही बरं दिसलं असतं.

आई भाजी निवडत होती. ती म्हणाली, “वह्या द्यायच्या तर तुमच्या पगारातून द्या. ते साडेसतरा रुपये तुमच्या बापाचेसुद्धा नव्हते.”

वह्या आमच्या पैशांतून गेल्या. भावाने पावती घेतली आणि नंबर तपासला.