सिंगलमध्ये किती जण जेवतात?

सिकंदराबादेत क्लॉक टॉवरपासून पॅराडाइजच्या चौकापर्यंत चालत जा आणि वाटेतल्या एखाद्या बिर्याणीच्या हॉटेलात मेन्यू कार्ड मागा. चिकन दम बिर्याणीखाली सिंगल, फुल, फॅमिली पॅक, जम्बो पॅक अशी उतरंड दिसेल. प्रत्येकापुढे रुपयांचा ठळक आकडा असेल. पण कोणत्या मापात किती भात येतो, चिकनचे किती तुकडे येतात आणि ते किती माणसांना पुरतं, हे बहुतेक कार्डांवर सापडणार नाही. हॉटेलमालकांचा सगळ्यात मोठा तोटा या कोऱ्या जागेत होतो, असं माझं ठाम मत आहे.

दवाखान्याच्या कामासाठी नांदेडहून आलेलं चार जणांचं कुटुंब टेबलावर बसलेलं डोळ्यांसमोर आणा. ते वेटरला विचारतात, सिंगलमध्ये किती येतं? तो सांगतो, "सिंगल दो जनों को हो जाता साब." शेजारच्या हॉटेलात सिंगल एकालाच पुरलेली असते, त्यामुळे विश्वास बसत नाही. मग ते चार सिंगल मागवतात, भाताचा डोंगर उरतो, तो बांधून घेतात आणि गोडाचं नाव काढत नाहीत. किंवा भीतभीत दोन मागवतात, अर्धवट जेवतात आणि पुन्हा त्या हॉटेलची पायरी चढत नाहीत. दोन्ही वेळा तोटा मालकाचा आहे. ज्याला आपण किती मागवतोय हे कळत नाही, तो दुसरा पदार्थ मागवायला धजत नाही.

यावर उपाय एका ओळीचा आहे. नावाखाली लिहा : "भात ४५० ग्रॅम, चिकनचे दोन मोठे तुकडे. सोबत मिर्ची का सालन आणि दही की चटणी, वेगळे पैसे नाहीत. एकाला भरपूर, सोबत स्टार्टर घेतल्यास दोघांना पुरेल." यातला ४५०चा आकडा माझा नमुन्यापुरता आहे. तुमचा आकडा तुम्ही काढायचा. रविवारी दुपारच्या गर्दीत भरलेल्या दहा प्लेटा वजनकाट्यावर ठेवा आणि त्यांतली सगळ्यात कमी भरलेली जी असेल, तिच्यातल्या भाताचं वजन छापा. सरासरी छापलीत, तर बऱ्याच गिऱ्हाइकांना छापल्यापेक्षा कमी मिळेल आणि भांडणाचं कारण तुम्हीच हातात दिलेलं असेल. दहा प्लेटांत फार फरक निघाला, तर कार्ड बाजूला ठेवा आणि आधी देगेवर वाढणाऱ्याच्या हातात ठरावीक मापाचं भांडं द्या.

आता वर्णनाकडे या. "लज्जतदार", "स्पेशल", "अस्सल चवीचा", "शाही" हे शब्द कार्डावरून काढून टाका. स्टॅनफर्डचे भाषाशास्त्रज्ञ डॅन जुराफ्स्की यांनी अमेरिकेतली हजारो मेन्यू कार्डं तपासली. 'चविष्ट', 'रुचकर' असले पोकळ शब्द स्वस्त हॉटेलांच्या कार्डांवर जास्त आढळतात, असं त्यांनी २०१४ सालच्या आपल्या पुस्तकात मांडलं. म्हणजे विशेषणांनी पदार्थ महाग वाटत नाही. पदार्थ कशापासून आणि कसा केला, हे कळलं तर वाटतो.

खुबानी का मीठा घ्या. हैदराबादकराला त्यात सांगण्यासारखं काही वाटत नाही, पण नांदेड-लातूरच्या कित्येकांना हा पदार्थ ऐकूनही माहीत नसतो. कार्डावर नुसतं नाव आणि किंमत दिसली, की ते ओळखीच्या आइस्क्रीमकडे वळतात. तिथे लिहा : "वाळलेले जर्दाळू रात्रभर भिजवून, साखरेत मंद आचेवर आटवलेले. वर जर्दाळूच्याच बियांतला गर आणि थंड मलई." एवढ्यात गिऱ्हाइकाला चव कळते, पोत कळतो आणि मेहनतही कळते. अट एकच, मुदपाकखान्यात हे खरोखर होत असलं पाहिजे. मलईऐवजी कस्टर्ड घालत असाल, तर कस्टर्ड लिहा. बिर्याणीचंही तेच. मसाला लावलेलं कच्चं मटण आणि अर्धवट शिजलेला भात एकत्र दमाला लावत असाल, तरच 'कच्ची' लिहा. शिजवलेल्या मटणावर भात रचत असाल, तर तो पक्कीचा प्रकार झाला. या शहरात हा फरक जिभेला कळणारी माणसं शेजारच्या टेबलावर बसलेली असतात.

वर्णनाने विक्री २७ टक्क्यांनी वाढते, हा आकडा सल्लागार मंडळी हमखास ऐकवतात. तो ब्रायन वॉन्सिंक यांच्या २००१ सालच्या अभ्यासातला आहे. याच वॉन्सिंक यांना संशोधनातल्या गैरप्रकारांवरून २०१८ साली कॉर्नेल विद्यापीठाने दोषी ठरवलं आणि त्यांचे डझनाहून अधिक निबंध मागे घेतले गेले. म्हणून त्या आकड्यावर पैसे लावू नका. त्यापेक्षा स्टॅनफर्डचा २०१७ सालचा प्रयोग भरवशाचा आहे. विद्यापीठाच्या उपाहारगृहात त्याच भाज्या, तशाच शिजवलेल्या, रोज वेगळ्या नावाने ठेवल्या. चवीचं वर्णन असलेल्या दिवशी भाजी घेणारे साध्या नावाच्या दिवसापेक्षा २५ टक्क्यांनी जास्त निघाले. भाजीचा आरोग्याशी संबंध जोडणारी नावं मात्र मागे पडली. नाव आणि वर्णन काम करतं, पण चवीबद्दल बोललं तर.

किंमत कशी छापायची, हे तर डोळे मिटूनच ठरतं. छापखानेवाला सवयीने सगळ्या किमती उजव्या कडेला एका रांगेत लावतो, नावापासून किमतीपर्यंत टिंबांची ओळ ओढतो आणि आकड्याच्या मागे-पुढे "रु." आणि "/-" चिकटवतो. मग गिऱ्हाईक पदार्थ वाचायचं सोडून बोटाने ती रांग उतरतं आणि सगळ्यात लहान आकड्यावर थांबतं. असं कार्ड स्वस्त पदार्थ विकायला शिकवतं. किंमत वर्णनाच्या शेवटच्या शब्दानंतर, त्याच अक्षरात, नुसता आकडा म्हणून लिहा. न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड पार्क इथल्या पाककला संस्थेच्या उपाहारगृहात एक प्रयोग झाला होता, तो २००९ साली प्रसिद्ध झाला. डॉलरचं चिन्ह किंवा शब्द न छापता नुसता आकडा असलेलं कार्ड ज्यांना दिलं, त्यांनी साधारण आठ टक्के जास्त खर्च केला.

मात्र तो प्रयोग एका उपाहारगृहातल्या दुपारच्या जेवणाचा होता, हे विसरू नका. स्टेशनसमोर गाडीची वेळ बघत उभ्या असलेल्या माणसासाठी दरफलक मोठा आणि स्पष्टच हवा, कारण त्याला किंमत शोधावी लागली तर तो पुढच्या दुकानात जातो. जीएसटी आकड्यात धरला आहे की वेगळा लागणार, हेही पानाच्या तळाशी वाचता येईल अशा अक्षरात लिहा. बिलावर अचानक वाढलेली रक्कम पाहून चिडलेलं गिऱ्हाईक तुमचं वर्णन वाचायला परत येत नाही.

पानावर कोणता पदार्थ कुठे ठेवायचा, याबद्दल एक जुनी समजूत अजून विकली जाते : नजर आधी पानाच्या मध्यावर, मग उजव्या वरच्या कोपऱ्यात जाते, म्हणून महाग पदार्थ तिथे ठेवा. सिबिल यँग यांनी नजरेच्या हालचाली टिपणारं यंत्र लावून हे तपासलं. २०१२ साली त्यांनी दाखवलं, की लोक कार्ड पुस्तकासारखंच वाचतात, वरून खाली. जागेचा परिणाम होतो, पण तो प्रत्येक विभागाच्या आत. इस्राएलमधल्या दायान आणि बार-हिलेल या संशोधकांनी तेल अवीवच्या एका कॅफेत पदार्थांच्या जागा आलटून पालटून पाहिल्या. यादीच्या सुरुवातीला किंवा शेवटी असलेला पदार्थ मधल्या जागेपेक्षा काही वेळा दुपटीपर्यंत खपला. तुमच्या गोडाच्या यादीत खुबानी चौथ्या ओळीवर बुजली असेल, तर ती तिथे का आहे, याचं उत्तर मालकाकडे असायला हवं.

ते उत्तर बिलांत मिळतं. समजा, गोडाचे सहा पदार्थ आहेत आणि महिन्याला ६०० प्लेटा जातात. सगळे सारखे खपले असते, तर प्रत्येकाच्या १०० गेल्या असत्या. मिशिगनच्या कासावाना आणि स्मिथ यांनी १९८२ साली मांडलेल्या पद्धतीत याच्या ७० टक्के, म्हणजे ७० प्लेटा, ही लोकप्रियतेची रेघ धरतात. खुबानी ४० खपते, म्हणजे रेघेखाली आहे. पण १४० रुपयांच्या प्लेटीला साहित्य ६० रुपयांचं लागत असेल, तर हातात ८० राहतात. आइस्क्रीम ३०० खपतं. किंमत ७०, साहित्य ४०, हातात ३०. धावतंय आइस्क्रीम, पण प्लेटीमागे कमावून देण्याची ताकद खुबानीत आहे. जास्त पैसे देणारा पण कमी खपणारा पदार्थच पहिल्या ओळीवर आणायचा असतो. हातात काहीच ठेवत नाही आणि खपतही नाही, तो कार्डावरून काढायचा असतो.

खुबानी वर आणली, वर्णन लिहिलं आणि ४०च्या ९० झाल्या, तर लगेच पेढे वाटू नका. आइस्क्रीम किती उतरलं ते पाहा. ते ५०ने उतरलं असेल, तर तुम्ही गिऱ्हाईक एका पदार्थावरून दुसऱ्यावर नेलं. प्लेटीमागे ५० रुपये जास्त, एकूण २,५०० मिळाले. आइस्क्रीम जागच्या जागी असेल, तर गोड न खाणारी पन्नास माणसं गोड खाऊ लागली आणि ४,००० मिळाले. दोन्ही चांगलंच, पण दुसऱ्यात कार्डाने नवी विक्री केली. आणि अर्ध्या खाल्लेल्या वाट्या टेबलावरून परत येत असतील, तर दोष कार्डात नाही, आचाऱ्याशी बोला.

तुलना कोणत्या दिवसांची करता, त्यावरही सगळं ठरतं. रमजानात हलीम साऱ्या मेन्यूवर मात करतं. आषाढात उज्जैनी महांकाळीच्या लष्कर बोनालूच्या दिवसांत गर्दीच वेगळी असते. असले आठवडे वगळा. आधीचे चार साधे आठवडे आणि नंतरचे चार साधे आठवडे, वारानुसार समोरासमोर ठेवा. त्यासाठी लॅमिनेशनचं महाग कार्ड छापू नका. साध्या जाड कागदावर वीस प्रती काढा, एका वेळी एकच बदल करा आणि चार आठवड्यांनी बिलं मोजा. पहिला बदल मापाचा करा. सिंगलमध्ये किती येतं, हे छापून त्या चार आठवड्यांत टेबलामागे स्टार्टर आणि गोड वाढलं का, एवढं एकच तपासा. वर्णन, किंमत आणि जागा यांची पाळी त्यानंतर येते.