आधी हात, मग पाय, मग काहीच नाही

मुलाला तरंगता येतं, भिंतीला पाय मारून सरळ ग्लाइड घेता येते, म्हणजे ब्रेस्टस्ट्रोक आता आठवड्याभरात, असा पालकांचा हिशेब असतो. पण नेमकी हीच मुलं शिकवणाऱ्याचा घाम काढतात. पाण्याची भीती गेलेली असते, अंगात उत्साह मावत नसतो, आणि हा स्ट्रोक मधूनमधून गप्प पडून राहायला सांगतो!

सुरुवात पायांची. काठावर बसवायचं, म्हणजे आपले पाय काय उद्योग करताहेत ते मुलांना दिसतं. टाचा मागे ओढायच्या, पावलं बाहेर वळवायची, मग गोलाकार ढकलून पाय जुळवायचे. दर बॅचमध्ये एखाद्याचं एक पाऊल वळतं आणि दुसरं फ्रीस्टाइलसारखं ताणलेलंच राहतं. ही कात्री, शर्यतीत पंच तिला बाद करतात. अशाला काठ धरून पालथं झोपवावं आणि हट्टी पाऊल हातात धरून वळवून द्यावं. तोंडी उपदेश पावलापर्यंत पोहोचत नाही.

खरी गंमत हात जोडल्यावर. आमच्याकडची चौथीतली एक मुलगी हात आणि पाय एकाच वेळी मारायची. फेस भरपूर, प्रगती शून्य. पाय तिला पुढे ढकलत होते आणि त्याच क्षणी छातीजवळ आलेले हात, वर काढलेलं डोकं पाणी अडवत होते. पंचवीस मीटरला तिला तीस स्ट्रोक लागत.

तिला एका हाताला दोन किक दिल्या. हात ओढ, श्वास घे, चेहरा पाण्यात, हात पुढे सरळ. मग किक, आणि हात तसेच ठेवून आणखी एक किक. दुसऱ्या किकला हात ताणलेलेच असल्याने शरीराला कळतं की पायांचं काम हात लांब झाल्यावर आहे. हे जमल्यावर एकच किक, आणि मग पाण्यात तीन आकडे मोजत सरळ पडून राहायचं. बाईसाहेब ‘एकदोनतीन’ एका दमात उरकायच्या. बुडबुड्यांवरून सगळं कळतं, पण मी बोललो नाही. फक्त स्ट्रोक मोजायला सांगितले. वीसवर आले, तेव्हा तिची मोजणी आपोआप सावकाश झाली.

पुढे तीनाचे दोन, दोनाचा एक. कारण ग्लाइड लांबवायलाही मर्यादा आहे: वेग मरून पाय बुडायला लागले, तर उशीर झाला. आणखी एक खूण बघावी. हात ओढून छातीशी आले की मुलं तिथे नमस्कार करून थबकतात. थांबायचंच तर हात पुढे ताणून थांबावं, छातीशी कधीही नाही.

गॅलरीतल्या आईबाबांना एवढीच विनंती, की मूल पाण्यात सरळ पडलेलं दिसलं की ‘हात मार, हात मार’ म्हणून ओरडू नका. ते त्या वेळी पोहतच असतं.