पिशवी भरली, कार्ड राहिलं

भंडाऱ्याहून पवनीकडे जाताना अड्याळ लागतं. इथली पोरगी लग्न होऊन नागपूरला जावो की पुण्याला, पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं. हा नियम शासनाच्या कोणत्याही परिपत्रकात नाही, म्हणूनच तो इतका काटेकोर पाळला जातो. आठवा महिना लागला की पोरगी येते आणि तिच्यामागोमाग घरात एक पिशवी अवतरते. पुढचे काही आठवडे पिशवीचं वजन पहिलटकरणीपेक्षा जास्त वेगानं वाढतं. पोरीचं वजन दर तपासणीला काट्यावर होतं. पिशवीचं कोणी करत नाही.

ही पिशवी भरणं म्हणजे सार्वजनिक काम. आजी मधाची बाटली, गुटीचं सामान आणि काजळाची डबी टाकते. आई डिंकाचे लाडू. मामा नागपूरहून अस्वलाचं चित्र असलेली दुधाची बाटली आणतो, कारण मामानं काहीतरी आणलंच पाहिजे. आत्या करकरीत नवे सहा फ्रॉक देते, सगळे जाळीचे. बापाला काहीच सुचत नाही, तेव्हा तो थर्मास आणतो. मग आणखी एक थर्मास.

आशाताई घरी येते आणि पिशवी पालथी करते.

"काहून जी आजी, हे मध कोणासाठी?"

"बाळासाठी नाही तं का डॉक्टरसाठी?"

आशाताई मध बाजूला ठेवते. वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचं नसतं, त्यातले जंतू बाळाच्या कोवळ्या आतड्यात वाढून विष तयार करू शकतात. तिनं हे या गल्लीत किती आज्यांना सांगितलं असेल, ते तिलाच ठाऊक. गुटी, पाणी, साखरेचं बोट, वरचं दूध, सगळं बाहेर. जन्मल्यावर तासाभरात आईचा चीक आणि पुढचे सहा महिने फक्त आईचं दूध. म्हणजे मामाच्या बाटलीला सहा महिने तरी काम नाही. काजळालाही नाही. आजीचं म्हणणं असं की आपल्या सगळ्यांना घातलं, आपण मेलो का? हा युक्तिवाद न हरणारा आहे, कारण जे गेले ते वाद घालायला येत नाहीत.

मग फ्रॉक. नव्या कापडाला खळ असते आणि जाळी टोचते. बाळाला लागतात धुऊन धुऊन मऊ झालेले सुती तुकडे, म्हणजे घरातलं जुनं लुगडं किंवा आबांचं धोतर. दोन मोठे कोरडे तुकडे तर हवेतच. बाळ ओलं जन्मतं. एका कापडानं त्याला पुसायचं, ते ओलं कापड बाजूला टाकायचं आणि दुसऱ्या कोरड्यात गुंडाळून आईच्या छातीशी द्यायचं. एकाच कापडानं दोन्ही कामं केली तर बाळ ओल्यातच राहतं आणि गार पडतं. डोक्याला टोपरं, पायात मोजे. पहिल्या चोवीस तासांत आंघोळ नाही.

"मे महिन्यात टोपरं?" आबा विचारतात. त्यांनी स्वतः डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळलेला असतो.

मे महिन्यातही टोपरं. आबांच्या अंगात ऊब तयार होते. ओल्या बाळाची ऊब डोक्यावाटे निघून जाते, आणि वर पंखा फिरत असतो.

पोरीसाठी यादी छोटी आहे: पुढून उघडणाऱ्या दोन-तीन मॅक्सी, मोठे पॅड, आतले कपडे, चपला, चादर, टॉवेल, साबण, एक ताट आणि पेला, फोनचा चार्जर. बास. सरकारी दवाखान्यात साध्या बाळंतपणानंतर तीन दिवस आणि सिझेरियननंतर सात दिवस जेवण मोफत देण्याची तरतूद जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून आहे. औषधं, तपासण्या, रक्त, सिझेरियन आणि जाण्यायेण्याचं वाहनही त्यातच. तरी घरचा डबा जाणारच, कारण सरकारी वरणावर आईचा विश्वास नाही आणि आईच्या वरणावर सगळ्यांचा आहे. तेवढ्यापुरता एक थर्मास राहू द्या.

आता खरी गोष्ट. एवढी भरलेली पिशवी पाहून आशाताई विचारते, "कार्ड कुठं आहे?"

घर एकमुखानं "आहे ना" म्हणतं आणि आधार कार्डाच्या झेरॉक्सचा गठ्ठा पुढे करतं. पोरीचं आधार, जावयाचं आधार, आबांचं आधार. आबांचं कशाला? "असू द्या जी, कोणी मागतलं तं?"

कागदांच्या बाबतीत इथंच उलटं होतं. बाळंतपणाचे कागद दोन जातींचे असतात, डॉक्टरचे आणि बाबूचे. डॉक्टरचे कागद कळा सुरू झाल्या त्या मिनिटाला लागतात. बाबूचे दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी किंवा चौदा आठवड्यांनीही चालतात. आपण मात्र बाबूचे कागद प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून छातीशी धरतो आणि डॉक्टरचे टीव्हीच्या मागे ठेवतो. रात्री दोनला ग्रामीण रुग्णालयाच्या दारात कोणी रहिवासी दाखला विचारत नाही. सिस्टर विचारते रक्तगट कोणता, हिमोग्लोबिन किती, बीपी कधी वाढलं होतं का, शेवटची पाळी कधीची, शेवटच्या सोनोग्राफीत बाळ डोक्याकडून होतं का. ही सगळी उत्तरं माता व बाल संरक्षण कार्डावर आणि त्याला टाचलेल्या रिपोर्टांवर असतात. एचआयव्ही, कावीळ बी आणि गुप्तरोगाची तपासणी त्यातच. पूर्व विदर्भात आणखी एक कागद महत्त्वाचा, सिकलसेलचा. पोरगी सिकलसेलची रुग्ण असेल तर रक्त, सलाईन, ऑक्सिजन, सगळ्याचा हिशेब बदलतो. ती नुसती वाहक असेल तर तिला स्वतःला सहसा त्रास नसतो, पण जावयाचीही तपासणी झाली आहे का, हे डॉक्टर विचारतील. जावई त्या वेळी थर्मास धुवायला गेलेला असतो.

एका घरी आबांनी हे कार्ड फार जपलं. ते भिजू नये, मळू नये म्हणून थेट लॅमिनेट करून आणलं, चारी बाजूंनी बंद. पुढच्या तपासणीला सिस्टरनं बीपी मोजलं आणि कार्डावर पेन टेकवला. शाई घसरली. दुसरा पेन घेतला, तोही घसरला. नववा महिना, चार तपासण्यांची नोंद काचेआड आणि पाचवी लिहायला जागा नाही. शेवटी वहीचा कागद वर टाचायचा ठरलं, पण प्लास्टिकमधून टाचणी जाईना. आबा म्हणाले, "पक्कं काम केलंय, बघा."

हे कार्ड पिशवीत सर्वांत वर हवं, कारण ते पोरीसोबत प्रवास करतं. बीपी चढलं, अंगावरून रक्त गेलं किंवा बाळ अडलं तर अड्याळहून भंडाऱ्याला पाठवतात. १०२ किंवा १०८ च्या गाडीत पोरीसोबत एक बाई, एक पिशवी आणि ते कार्ड, एवढंच मावतं. पलीकडच्या डॉक्टरला तिच्याबद्दल जे काही कळतं ते त्या कार्डातूनच. गाडीत कोणत्या बाईनं बसायचं, हे आधीच ठरलेलं बरं. नाहीतर गाडी उभी राहते आणि मामा, आत्या नि थर्मास यांच्यात सीट कोणाची यावर चर्चा चालते.

बाबूचे कागद कमी महत्त्वाचे असले तरी त्यांचा त्रास जास्त. तिथं एकाच पोरीच्या तीन बाया होतात. पहिली बाई आधार कार्डावर राहते, तिच्या नावात अजून बाप आहे. दुसरी माता-बाल कार्डावर, तिला सासरचं आडनाव आहे, कारण नोंदणी करताना सासूबाई शेजारी उभ्या होत्या. तिसरी बँकेत. ते खातं कॉलेजात शिष्यवृत्तीसाठी काढलेलं आणि त्यात घरातलं लाडाचं नाव.

प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पात्र आईला पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये मिळतात. नोंदणी आणि तपासणी झाली की ३,०००, आणि जन्मनोंदणी होऊन साडेतीन महिन्यांपर्यंतच्या लसी झाल्या की २,०००. पैसे खाते क्रमांक पाहून येत नाहीत. आधारशी सर्वांत शेवटी जोडलेलं खातं कोणतं, हे पाहून येतात. त्यामुळे घर नव्या पासबुकाची झेरॉक्स देऊन वाट बघत बसतं आणि पैसे शिष्यवृत्तीच्या जुन्या खात्यात जाऊन पडतात. तिथला एटीएम पिन तर पोरीबरोबर कॉलेजही विसरलं. लाडक्या बहिणीचे पैसे ज्या खात्यात येतात तेच आधारशी जोडलेलं खातं, एवढं कळलं तरी निम्मं काम झालं. नाहीतर सातव्या महिन्यात बँकेत जाऊन आधार कुठं जोडलंय ते विचारायचं आणि बदलायचं असेल तर तिथंच संमतीपत्र द्यायचं. नवव्या महिन्यात बँकेच्या रांगेत उभं राहणं हा पोरीवर वेगळाच प्रसंग. जननी सुरक्षा योजनेचे ७०० रुपये ग्रामीण भागात दारिद्र्यरेषेखालील, अनुसूचित जाती आणि जमातीच्या बायांना मिळतात. तिथंही आधी याच तीन बायांची एकमेकींशी ओळख करून द्यावी लागते.

आणि बाळ झालं की जन्मनोंदणी. २१ दिवसांत फुकट. बाळ जिथं जन्मलं तिथंच नोंद होते, म्हणजे अड्याळला. सासूबाईंचा फोन येतो, दाखला पुण्याचा पाहिजे, शाळा पुण्यात आहे. बाळ तीन तासांचं असतं. दाखला अड्याळचा असला तरी शाळा पुण्याची चालते, हे त्यांना समजावायला जावयाला फोन दिला जातो आणि जावयाची रेंज जाते.

नाव ठरलं नसेल तर नावाची जागा कोरी ठेवावी. वर्षभरात ते विनाशुल्क भरता येतं. पण कोरी जागा आपल्याला बघवत नाही. आत्या ऐन वेळी एक नाव सांगते, ते लिहिलं जातं, बारशाला दुसरंच ठरतं आणि मग दुरुस्तीची प्रतिज्ञापत्रं सुरू होतात. फॉर्मवर सही करण्याआधी आई-बापाची नावं अक्षर न् अक्षर वाचायची, हे काम घरातल्या ज्याला चष्मा आहे त्याला द्यावं.

त्यात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात शासनानं आईचं नाव आणलं आहे: आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, शेवटी आडनाव. निर्णय चांगला आहे. फॉर्म भरणाऱ्या बाबूनं मान वर न करता विचारलं, "आईचं नाव?"

तिन्ही कागद टेबलावर होते. बाबूनं पहिला पाहिला, दुसरा पाहिला, तिसरा पाहिला आणि पेन खाली ठेवला. "यातली आई कोणती जी?"

जावयानं थर्मास पुढे केला. "साहेब, चहा घेता का?"