द्रोणातला पुरावा

बीडकडच्या भावकीच्या प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर एक तात्या असतोच. लग्नाच्या पंगतीचा फोटो पडला की बाकीचे नवरा-नवरीला आशीर्वाद देतात. तात्या मात्र दोन बोटांनी फोटो ताणून थेट द्रोणात उतरतो. पोरं त्याला रिकामटेकडा म्हणतात. पण त्याच्या निकालाची कारणं पाहिली, तर हा गडी पुराव्याशिवाय बोलत नाही. समजा, द्रोणात गडद तपकिरी आमटी आहे. त्या रंगावर आपल्याकडे निदान तिघींचा दावा: येसराची, कटाची आणि शेंगदाण्याची. नवशिका रंग बघून बोलतो आणि फसतो, कारण काळा मसाला तिघींतही पडू शकतो, आणि मांडवातला पिवळा बल्ब साध्या वरणालासुद्धा येसर करून सोडतो. तात्या रंगाला साक्षीलाच बोलावत नाही. तो कड बघतो. येसर म्हणजे भाजलेलं धान्य, डाळ आणि मसाला यांचं पीठ. ते पाण्यात कालवून उकळलं की रस्सा एकजीव होतो, कडेला लेप सोडतो आणि निवताना वर सुरकुतलेली साय धरतो. कट म्हणजे पुरणाच्या डाळीचं निथळलेलं पाणी. त्याची आमटी पातळ, कड स्वच्छ, तेलाचा तवंग मोकळा आणि तळाशी एखादी चुकार डाळ. शेंगदाण्याचं कूट कडेला रवाळ चिकटतं, लपायचं म्हटलं तरी लपत नाही.

यावर कोणी म्हणेल, कटातही पुरण कालवून दाटपणा आणतात, मग? बरोबर आहे, तिथे कड साक्ष फिरवते. म्हणून तात्या द्रोणातून वर येतो आणि पत्रावळ बघतो. पुरणपोळी असेल तर कट, चुरलेली भाकरी किंवा भाताचा ढीग असेल तर येसराकडे पारडं झुकतं. झुकतं एवढंच, पोळी आणि भात दोन्ही वाढलेले असले तर तो ‘बहुतेक’ हा शब्द जोडतो, जो आपल्याकडे पुढाऱ्यांनाही जमत नाही. ‘एवढं करण्यापेक्षा आचाऱ्यालाच विचारा की, तात्या!’ हा आक्षेप ऐकायला सोपा आहे. पण फोटो केजवरून निघून गेवराईमार्गे चार ग्रुप फिरून आलेला असतो; आचारी सोडा, नवरदेव कोणाचा हेही कळत नाही. खरा आक्षेप चवीचा. येसरात ज्वारी होती की बाजरी, चिंच पडली की नाही, हे फोटोत दिसत नाही, आणि तात्याही ते सांगायला जात नाही. तरीही शेवटी तो ‘मीठ कमी पडलंय’ असं लिहितो तेव्हा ग्रुपवर हशा पिकतो. तात्या शांतपणे तोच फोटो कापून पुन्हा टाकतो: ओळीतल्या तिघांच्या पानांत मिठाची दुसरी चिमूट आणि वाढप्याच्या हातात अजून मिठाचीच वाटी.