९८, १००, १०० : सोमवारचा हिरवा कागद

सोमवारी सकाळी अनेक कंपन्यांत एक स्कोअरकार्ड फिरतं. ग्राहक, माल, बिलं अशी महत्त्वाची टेबलं आणि प्रत्येकापुढे तीन आकडे: पूर्णता, एकमेवता, वैधता. रकाने भरलेत का, एकच नोंद दोनदा आली आहे का आणि भरलेलं नियमात बसतं का. ग्राहक मास्टरपुढे ९८, १००, १०० दिसलं की बैठक दोन मिनिटांत पुढच्या विषयाकडे जाते. माझा राग या दोन मिनिटांवर आहे. हे तिन्ही आकडे खरे असूनही टेबल सडलेलं असू शकतं आणि त्याचा भुर्दंड तुमच्या गिऱ्हाइकाला पडतो.

एकच रकाना घेऊ, जीएसटी नंबरचा. समजा, पुण्यातला एक घाऊक वितरक आहे. त्याच्या मास्टरमध्ये ५,००० पार्ट्या आहेत. त्यातल्या ३,००० जीएसटीत नोंदलेल्या आहेत आणि उरलेले २,००० छोटे दुकानदार आहेत. नुसता माल विकणाऱ्याला महाराष्ट्रात साधारणपणे वर्षाच्या ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी सक्तीची नाही, त्यामुळे या दोन हजारांकडे नंबर नसणं पूर्ण कायदेशीर आहे.

मग कुणीतरी फर्मान काढतं की पूर्णता वाढली पाहिजे. पार्टी उघडायच्या स्क्रीनवर जीएसटी नंबर सक्तीचा होतो आणि १५ अक्षरं पडल्याशिवाय नोंद सेव्ह होत नाही. काउंटरवरच्या मुलासमोर नंबर नसलेला दुकानदार उभा असतो, मागे टेम्पो भरायचा असतो. तो नमुन्यात पाहिलेला 27AAAAA0000A1Z5 टाकतो आणि मोकळा होतो. मी त्याला दोष देत नाही. खरं सांगायची सोयच त्याला स्क्रीनने ठेवलेली नाही.

आता त्या दोन हजारांपैकी १,९०० पार्ट्यांवर हा नमुना नंबर आहे आणि जुन्या १०० मोकळ्या आहेत. नोंदलेल्या तीन हजारांत १४० जणांवरही हाच नमुना आहे, कारण ‘नंबर नंतर पाठवतो’ म्हणालेल्या पार्टीने तो पाठवला नाही आणि कुणी मागितलाही नाही. आणखी १०० जणांचे नंबर टंकताना चुकलेत. उरलेले २,७६० बरोबर आहेत. पूर्णता काढली तर ५,००० पैकी ४,९०० भरलेले, म्हणजे ९८ टक्के. एकमेवता पार्टी कोडवर मोजली आहे, आणि कोड सिस्टिम स्वतःच देत असल्याने ती कायम १०० येणार. तो आकडा छापण्यात काही अर्थ नाही. वैधता अक्षरांच्या साच्यावर तपासली आहे: आधी राज्याचे दोन अंक, मग दहा अक्षरी पॅन, मग तीन अक्षरं. नमुना नंबर या साच्यात चपखल बसतो, आणि दोन आकडे उलटसुलट झालेला नंबरही बसतो. म्हणून तिसरा आकडाही १००.

याचा फटका महिनाअखेरीनंतर बसतो. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्याला GSTR-1 पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत द्यावं लागतं. अस्तित्वातच नसलेला नंबर पोर्टल घेत नाही. १० तारखेच्या रात्री अकाउंटंटपुढे नमुना नंबरावरची सगळी बिलं येतात आणि तो ती ‘नोंदणी नसलेले ग्राहक’ या गटात ढकलतो. १,९०० पार्ट्यांच्या बाबतीत ते बरोबरच आहे. पण त्यांच्यात मिसळलेल्या १४० पार्ट्या त्याला वेगळ्या दिसत नाहीत, कारण मास्टरमध्ये दोघांचा नंबर अक्षरशः एकच आहे. १४ तारखेला त्या १४० जणांच्या GSTR-2B मध्ये आपलं बिल दिसत नाही. १ जानेवारी २०२२ पासून कायद्याने स्पष्ट केलं आहे की पुरवठादाराने विवरणपत्रात बिल दाखवलं आणि ते खरेदीदारापर्यंत असं पोचलं, तरच त्याला कराचं क्रेडिट मिळेल. पार्टी फोन करते, कराची रक्कम अडवून धरते आणि पुढच्या वेळी दुसऱ्याकडून माल घेते.

टक्केवारीत बघितलं तर १४० आणि १०० मिळून २४० पार्ट्या, म्हणजे पाच हजारांच्या पाच टक्केही नाहीत. पण त्यांच्यावर महिन्याला ६० लाखांचं बिलिंग असेल तर १८ टक्क्यांनी १० लाख ८० हजारांचा कर त्यात गुंतला. म्हणून स्कोअरकार्डवर ओळींच्या टक्क्याशेजारी रुपयांचा टक्का हवाच. वर्षभर माल न घेतलेली पार्टी आणि दर आठवड्याला ट्रक उचलणारी पार्टी यांचं वजन सारखं धरणारा आकडा वसुलीच्या कामाचा नाही.

हे सडलेपण पकडायला महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. आधी एवढंच विचारा, की या रकान्यात सर्वात जास्त वेळा काय आलंय?

```sql
SELECT gstin, COUNT(*) AS n
FROM customer_master
GROUP BY gstin
ORDER BY n DESC
LIMIT 5;
```

आपल्या वितरकाकडे पहिली ओळ येईल 27AAAAA0000A1Z5 आणि तिच्यासमोर २,०४०. ५,००० पार्ट्यांत एकच नंबर २,०४० वेळा! एकमेवता पार्टी कोडावर न मोजता नंबरावर मोजली असती, तर वैधतेतलं भोक पहिल्याच आठवड्यात दिसलं असतं. हे तीन आकडे सुटे वाचायचे नसतात. सक्तीने पूर्णता फुगवली की तेवढीच घाण वैधतेत किंवा एकमेवतेत उतरते.

दुसरी तपासणी शेवटच्या अक्षराची. जीएसटी नंबरचं पंधरावं अक्षर आधीच्या चौदांवरून गणिताने ठरतं. अंकांची किंमत तीच, A म्हणजे १०, B म्हणजे ११, असं करत Z म्हणजे ३५. डावीकडून आळीपाळीने १ आणि २ ने गुणायचं. प्रत्येक गुणाकाराला ३६ ने भागून भागाकार आणि बाकी मिळवायची आणि सगळ्यांची बेरीज करायची. नमुना नंबरची बेरीज १४२ येते. तिला ३६ ने भागलं की बाकी ३४ उरते, आणि ३६ मधून ती वजा केली की २. म्हणजे शेवटी 2 हवा होता, तिथे 5 आहे. साच्यातून सुटलेला नंबर इथे अडकला. कुठलंही एक अक्षर चुकलं तर हे गणित ते हमखास पकडतं. शेजारची दोन अक्षरं उलटली तर, 0 आणि Z ची अदलाबदल सोडून, तेही पकडतं. मात्र एकाआड एक अशा दोन अक्षरांची अदलाबदल सुटते, कारण दोघांचा गुणक सारखाच असतो.

इथे वैधतेची हद्दही ओळखा. गणितात बसणारा नंबर भलत्याच कंपनीचा असू शकतो, किंवा नोंदणी रद्द झालेली असू शकते. पोर्टल तो घेऊ शकतं आणि बिल तिसऱ्याच्याच खात्यात दिसतं. टेबलात बसून हे कळायचं नाही. त्यासाठी पोर्टलवर नंबर टाकून नोंदीचं नाव आपल्या मास्टरमधल्या नावाशी ताडावं लागतं. किमान मोठ्या बिलांच्या पार्ट्यांसाठी एवढं करा. आणि सावंतवाडीच्या पत्त्यावर 30 ने सुरू होणारा, म्हणजे गोव्याचा नंबर दिसला, तर तो चूक ठरवू नका, विचारा. माल इथे आणि बिल पणजीच्या ऑफिसला, असं खरोखर असतं.

एकमेवतेतही हाच विवेक लागतो. एका नंबरावर तीन गोदामं असू शकतात, त्या तीन नोंदी रास्त आहेत. पण नंबर, पिनकोड आणि फोन तिन्ही सारखे असतील तर ती एकच पार्टी तीनदा उघडलेली आहे. दोन लाखांची उधारीची मर्यादा तिच्यासाठी सहा लाखांची होते आणि वसुलीच्या माणसाला प्रत्येक कोडावर ‘मर्यादेत’ असंच दिसतं. उधारी मोजायची तर नंबरमधल्या तिसऱ्या ते बाराव्या अक्षरावर, म्हणजे पॅनवर एकत्र करा. दोन राज्यांत दोन नंबर घेतलेली पार्टीही मग एकाच ओळीत येते.

आता पूर्णता नीट मोजू. स्क्रीनवर आधी ‘नोंदणी आहे का?’ हा प्रश्न हवा. उत्तर ‘नाही’ असेल तर नंबरचा रकाना बंद. ‘आहे, पण नंबर यायचाय’ असेल तर तीही नोंद सेव्ह होऊ द्या आणि यादीत घ्या. भागाकार फक्त ३,००० वर करायचा. त्यात १४० नमुने म्हणजे मोकळेच, म्हणून २,८६० भरलेले, पूर्णता ९५. त्यातले २,७६० गणितात बसतात, वैधता ९६.५. कार्डावरचे आकडे पहिल्या आठवड्यात पडतील. व्यवस्थापकांनो, त्या आठवड्यात कुणाला झापू नका. नियम कोणत्या तारखेला बदलला ते कार्डावरच छापा. झापलंत तर पुढच्या महिन्यात नवा नमुना नंबर जन्माला येईल, आणि तो गणितातही बसणारा असेल.

आठवड्याच्या कार्डात मला सर्वात खटकतं ते वेगळंच. त्यात आठवडाच दिसत नाही. ५,००० च्या ढिगात या आठवड्यात ४० पार्ट्या आल्या आणि त्यातल्या १० चुकीच्या निघाल्या, तर एकूण आकडा पाव टक्काही हलत नाही. नव्या ४० चा हिशेब वेगळा केला तर दर चौथी नोंद चुकीची दिसते आणि कोणत्या काउंटरवरून ती आली तेही कळतं. जुनी घाण उपसायला महिने लागतील, नवी घाण येणं मात्र सोमवारीच थांबवता येतं. म्हणून नव्या नोंदींची ओळ सर्वात वर हवी. तिच्याखाली चुकीच्या नोंदींची यादी, बिलाच्या रकमेने उतरत्या क्रमात, प्रत्येक नोंदीपुढे पार्टीला फोन करणाऱ्याचं नाव.

आणि हे काम ‘बघू’ म्हणून ठेवू नका. एका आर्थिक वर्षातल्या बिलावरचा चुकलेला नंबर पुढच्या ३० नोव्हेंबरपर्यंतच दुरुस्त करता येतो, आणि त्याआधी वार्षिक विवरणपत्र भरलंत तर तिथेच मुदत संपते.